पन्नास वर्षं झाली म्हणून पुस्तक मोकळं होत नाही

‘लेखक जाऊन पन्नास वर्षं झाली, आता पुस्तक कुणीही छापावं ना?’

नाही. पन्नासचा नियम १९९२ मध्येच बदलला. टागोरांच्या साहित्याचे हक्क १९९१च्या अखेरीस संपत होते, तेव्हा सरकारने मुदत साठ वर्षं केली. अप्पा बळवंत चौकात मात्र जुना आकडा अजून चालतो.

मोजणीही निधनाच्या तारखेपासून होत नाही, पुढच्या १ जानेवारीपासून होते. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. साठ वर्षं १ जानेवारी १९५१ पासून मोजली, म्हणून हक्क ३१ डिसेंबर २०१० पर्यंत टिकले. आता ‘श्यामची आई’ कुणीही छापू शकतो. पण जुन्या आवृत्तीतलं मुखपृष्ठ उचलू नका. चित्रकाराची साठ वर्षं वेगळी. गाण्याचंही तसंच. कवीचे शब्द मोकळे झाले तरी संगीतकार नंतर गेला असेल, तर चालीचे हक्क त्यानंतरही टिकतात.

तोवर रॉयल्टी कुणाची? मृत्युपत्रात नाव असेल त्याची, नाहीतर घर-जमिनीसारखी वारसांची. इथेच घोळ होतो. प्रकाशक सदाशिव पेठेतल्या थोरल्या मुलाची सही घेऊन येतो आणि अमेरिकेतली बहीण राहून जाते. सही सगळ्यांची लागते. जुना करारही काढून बघा: तो मे १९९५ नंतरचा असेल आणि त्यात मुदत लिहिलेलीच नसेल, तर कायद्याने ती पाच वर्षं धरतात.