टीएसएच ६२ आणि टीएसएच ६

शाळेत शिकवणाऱ्या ४६ वर्षांच्या एक बाई आहेत, असं समजा. व्यक्ती काल्पनिक, पण दवाखान्यात अशी कहाणी वरचेवर ऐकायला मिळते. वर्षभर त्यांचं मन कशातच लागत नाही, झोप कितीही झाली तरी अंग जड वाटतं, मुलांची नावं ओठांवर येऊन अडतात. नैराश्यावरच्या गोळ्या दोन महिने घेऊनही फारसा फरक नाही. थंडी सोसवत नाही, पोट साफ होत नाही, आवाज घोगरा झाला आहे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. शेवटी थायरॉईडसाठी रक्त तपासलं तेव्हा टीएसएच हे संप्रेरक ६२ निघालं. ते साधारण ०.४ ते ४.५ च्या दरम्यान असायला हवं. थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक, फ्री टी४, मात्र तळाला गेलेलं.

टीएसएच थायरॉईडमध्ये तयार होत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी सोडते. थायरॉईड काम करेनाशी झाली की पीयूषिका तिला जास्त जोरात हाका मारते, म्हणून हा आकडा वाढतो. थायरॉईडचं टी४ रक्तातून मेंदूत पोचतं आणि तिथल्या आधारपेशी त्याचं जास्त प्रभावी टी३ मध्ये रूपांतर करतात. टी४ फारच कमी पडलं की विचार, हालचाल, बोलणं, उत्साह असं सगळंच संथ होतं. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४९ मध्ये अशा १४ रुग्णांची हकीकत छापली होती. त्यांचा आजार मनोविकार म्हणून समोर आला होता आणि मुळाशी थायरॉईड होतं.

विसरण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी असते. या बाईंना नावाचं पहिलं अक्षर सांगितलं की पुढचं चटकन आठवतं. म्हणजे आठवण साठलेली आहे, ती वर काढायला वेळ लागतो. अल्झायमरमध्ये बऱ्याचदा खूण देऊनही उपयोग होत नाही, कारण गोष्ट नीट साठलेलीच नसते. हा फरक म्हणजे निदान नव्हे, पण डॉक्टरांना दिशा मिळते.

बाईंचं वजन ६० किलो, हृदय ठणठणीत. पूर्ण मात्रा किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम धरतात, म्हणून लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे बाहेरून दिलेल्या टी४ ची, १०० मायक्रोग्रॅमची गोळी, सकाळी उपाशीपोटी. (वय जास्त किंवा हृदयविकार असेल तर सुरुवात २५ सारख्या लहान मात्रेने करतात.) लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तास लांब ठेवायची, नाहीतर औषध आतड्यातच अडकतं. रक्तातलं टी४ निम्म्यावर यायला जवळपास आठवडा लागतो, त्यामुळे पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात ती याच कारणाने. दहाव्या दिवशी टीएसएच पाहून गोळीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

फायदा सगळीकडे एकदम दिसत नाही. थंडी आणि जडपणा आधी हटतो, उदासी त्यामागून काही आठवड्यांत उतरते आणि आठवण सर्वांत हळू, कधी कधी काही महिन्यांनी, सावरते. टीएसएच नॉर्मल होऊनही उदासी तशीच राहिली, तर तिच्यावर वेगळे उपचार लागतात. गोळी चालू ठेवून टीएसएच ठीक असलेल्या काही रुग्णांचा थकवा आणि विसरभोळेपणा टिकून राहतो. अशा वेळी रक्तक्षय, ब-१२ ची कमतरता किंवा झोपेत श्वास अडकणं यांचा शोध घ्यावा लागतो.

मात्रा आपल्याच हाताने वाढवण्याचा मोह इथेच होतो. बाईंनी समजा १५० घ्यायला सुरुवात केली, तर टीएसएच ०.१ च्याही खाली जाऊ शकतं. मग छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते आणि ही 'चिंता' आता गोळीनेच आणलेली असते. थायरॉईड आपणहून अति चालते तेव्हाही असंच होतं. नुसत्या चिंतेत गाढ झोपेत नाडी शांत होते, इथे मात्र झोपेतही ती जलद राहू शकते. अति चालणाऱ्या थायरॉईडवर औषध सुरू केलं तरी ग्रंथीतला साठा रिकामा व्हायला काही आठवडे लागतात, तोवर प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध धडधड आणि कंप लवकर आवरतं.

आता दुसरी बाई. उदासी तेवढीच, पण टीएसएच ६ आणि फ्री टी४ नॉर्मल. अहवालात लाल अक्षरं दिसली की सगळं खापर थायरॉईडवर फुटतं. ६५ वर्षांपुढच्या, अशीच सौम्य कमतरता असलेल्या ७३७ जणांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. लेव्होथायरॉक्सिन आणि औषध नसलेली गोळी यांत लक्षणांच्या किंवा थकव्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. ही बाई तरुण असेल तर तो निष्कर्ष तिला जसाच्या तसा लागू होत नाही, पण माझा कल असा की तिच्या उदासीवर उपचार आजच सुरू करावेत आणि टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावं. ते बऱ्याचदा आपोआप खाली आलेलं असतं.