संरचना-पडताळणी टिपण (छतावरील सौर संच)

गच्चीवर सौर पॅनेल बसवण्यापूर्वी आरसीसी सल्लागाराने दिलेले लेखी टिपण. छताला वजन पेलते का, वाऱ्याची उचल किती आणि पाय कशात रोवायचे, हे त्यात असते. मुंबईच्या गृहसंस्थांत ते महाराष्ट्रातील २०१५ च्या नेट मीटरिंग विनियमांनंतर रूढ झाले असावे.

वाऱ्याच्या दाबाला ज्याने गुणून उचल काढतात, त्या गुणकाबाबत मतभेद आहे. वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक आयएस ८७५ भाग ३ (२०१५) मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर देतो, पण गच्चीवरच्या तिरक्या पॅनेलसाठी वेगळा गुणक देत नाही. त्यामुळे बहुतेक सल्लागार चारही बाजूंनी उघड्या छपराचा तक्ता वापरतात. काही जण अमेरिकेच्या एएससीई ७-१६ या मानकातील सौर पॅनेलांच्या स्वतंत्र कलमाकडे वळतात. ते कलम गच्चीलगतच्या बुटक्या रांगांना अधिक जुळते. मुंबईत गच्ची वापरात राहावी म्हणून सांगाडा माणसाच्या उंचीवर उचलतात. तिथे उघड्या छपराचाच तक्ता धरणे योग्य वाटते.

उदाहरणादाखल २० मीटर उंच इमारत घेऊ. वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे १२० किलो येतो. उचल गुणक १.३ धरला, तर २.५८ चौ.मी.च्या एका पॅनेलवर सुमारे ४०० किलोची ओढ बसते. सांगाड्यासह पॅनेलचे वजन जेमतेम ४० किलो. दोन पॅनेल चार पायांवर असतील तर प्रत्येक पायाला १८० किलो धरून ठेवावे लागते. त्यासाठी ४५ सेंमी घनाचा, सुमारे २२० किलोचा काँक्रीट ठोकळा लागतो. सुरक्षा-गुणक लावला की तो आणखी मोठा होतो. मात्र असे चार ठोकळे ठेवले, की पॅनेल-सांगाड्यासह पॅनेलखालच्या जागेवर चौरस मीटरला १८५ किलो भार येतो, आणि वापरातल्या गच्चीसाठी संहिता साधारण १५० किलोच धरते. वारा रोखणारे वजनच स्लॅबला जड होते. म्हणून चांगल्या टिपणात ठोकळे स्लॅबच्या मध्यावर नसतात; पाय तुळयांवर किंवा कॉलमच्या डोक्यावर दाखवलेले असतात.

बोल्टने जखडायचे झाले तर मुंबईत ब्रिकबॅट कोबा आडवा येतो. विटांच्या तुकड्यांचा हा थर कित्येकदा १०० मिमीहून जाड असतो. तेवढ्याच लांबीचा अँकर त्यातच संपतो, काँक्रीटला शिवतही नाही. ड्रिलमधून लालसर भुकटी येत राहिली तर बोल्ट विटेतच आहे, स्लॅब लागला की ती राखाडी होते. खेचून चाचणी घेतल्याशिवाय असा अँकर मान्य करू नये. भोकाभोवतीचे जलरोधन तुटले, तर खालच्या घराचे छत पहिल्या पावसातच ओले होते.

पावसाळी पत्रा-शेडवर पॅनेल बसवतात तेव्हा शेडचे पाय आणि जोडही याच ओढीसाठी तपासावे लागतात. तीस वर्षांवरील इमारतींत आधी संरचनात्मक तपासणीचा अहवाल पाहतात.