कोंब फुटणे (साठवणीतील बटाटा व कांदा)

बटाटा हे जमिनीखालचे फुगलेले खोड असून त्याचे ‘डोळे’ म्हणजे सुप्त कळ्या होत. कांद्यात अशी कळी बुडख्यावरील चकतीसारख्या आखूड खोडावर असते व मांसल पापुद्रे तिला वेढून असतात. काढणीनंतर या कळ्या काही काळ विश्रांतीत राहतात. बटाट्यात अॅब्सिसिक आम्ल ही विश्रांती टिकवते. ते घटून जिबरेलिन व सायटोकायनिन यांचा प्रभाव वाढला की डोळे फुटतात. त्यासाठी माती किंवा बाहेरचे पाणी लागत नाही, कारण पिष्ट व पाणी कंदातच असते.

कांद्याची विश्रांती गड्डा तयार होताना सुरू होते. पाने दिवसाची लांबी ओळखतात आणि ती वाणाच्या मर्यादेपलीकडे गेली की गड्डा धरण्याचा संदेश खोडाकडे जातो. मग नवी हिरवी पात येणे थांबते, पानांचे तळ फुगतात, आणि पोकळ राहिलेली मान मऊ पडून पात आडवी होते. युरोपातील वाणांना सुमारे १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. महाराष्ट्रात तेवढा मोठा दिवस उगवतच नसल्याने ते वाण इथे नुसती पात वाढवतात. इथल्या वाणांना ११ ते १२ तास पुरतात. म्हणून रब्बी कांदा फेब्रुवारीनंतर, वाढत्या दिवसात व उष्णतेत, झपाट्याने पोसतो. मान न पडलेला, जाड मानेचा कांदा चाळीत टिकत नाही.

थंडी बटाट्याचे कोंब रोखते. मात्र २ ते ४ अंश सेल्सिअसला पिष्टाची साखर होऊन तो गोडसर होतो व तळताना काळा पडतो. म्हणून वेफर्सचा बटाटा १० ते १२ अंशांवर ठेवून त्यावर सीआयपीसी या कोंबरोधकाची धुरी देतात. युरोपीय संघाने या द्रव्याची मान्यता काढून घेतल्यानंतर तिथे पुदिन्याचे तेल व इथिलीन यांचा वापर वाढला.

कांद्याचे गणित निराळे आहे. त्याला सर्वाधिक कोंब १० ते २० अंशांना येतात. शून्याजवळ तसेच २५ ते ३० अंशांना ते कमी येतात. एप्रिलमध्ये भरलेल्या हवेशीर चाळीत उन्हाळाभर कोंब दिसत नाहीत (वजनाची घट व सड मात्र होतेच) आणि पावसाळा सरता सरता ते दिसू लागतात, त्यामागे विश्रांती संपण्याबरोबर हेही कारण आहे. कांदा उभा चिरला की बाहेर काही दिसण्याआधीच मध्यभागी हिरवा कोंब सापडतो.

लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देऊन कळीतील पेशींचे विभाजन थांबवतात. मात्रा अल्प, सुमारे ६० ते ९० ग्रे असते. प्रक्रिया काढणी व सुकवणीनंतर लवकर, कळी झोपेत असतानाच करावी लागते. उशीर झाल्यास वाढू लागलेला कोंब आतच मरून तपकिरी पडतो व तो भाग चिरताना दिसतो. किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही, त्यामुळे ओला किंवा खरचटलेला माल या प्रक्रियेनंतरही सडतो.