पॉडकास्टमुळे फोन भरतोय? प्रत्येक कार्यक्रमाचे किती भाग ठेवायचे ते आधी ठरवा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

'स्टोरेज फुल' असं सांगत फोन घेऊन येणाऱ्या ग्राहकांनी बहुतेक वेळा फोटो आणि व्हिडिओ आधीच पुसलेले असतात, तरीही जागा मोकळी झालेली नसते. तुम्ही पॉडकास्ट ऐकत असाल, तर फोटोंना हात लावण्याआधी एक गोष्ट बघा. फोनच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघडा आणि अ‍ॅपची यादी आकारानुसार लावा. तुमचं पॉडकास्ट अ‍ॅप वरच्या पाच-सहा नावांत दिसलं, तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे.

एवढी जागा जाते कुठे?

128 केबीपीएस हा पॉडकास्टसाठी सर्रास वापरला जाणारा दर्जा आहे. त्यात एका मिनिटाच्या आवाजाला जवळपास एक एमबी लागतो. म्हणजे भाग जितक्या मिनिटांचा, तितके एमबी. हा हिशोब लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं. काही कार्यक्रम 64 केबीपीएसवर येतात, त्यांना निम्मी जागा पुरते. व्हिडिओ पॉडकास्टला मात्र हा हिशोब लागू नाही, त्याला कितीतरी पट जास्त जागा लागते.

आता एक उदाहरण घेऊ. एका श्रोत्याने तीन कार्यक्रम फॉलो केले आहेत आणि तिन्हींचं ऑटो डाउनलोड चालू आहे. पहिला रोजच्या बातम्यांचा, 25 मिनिटांचा. दुसरा आठवड्यातून एकदा येणारा, अडीच तासांच्या गप्पांचा. तिसरी क्रमाने ऐकायची कथामालिका, आठवड्याला 45 मिनिटांचा एक भाग. सहा महिने काहीच पुसलं गेलं नाही, तर बातम्यांचे 180 भाग साडेचार जीबी घेतात, गप्पांचे 26 भाग जवळपास चार जीबी आणि कथामालिका एक जीबीहून थोडी जास्त. एकूण साडेनऊ जीबी! त्यातल्या बातम्या तर दुसऱ्याच दिवशी शिळ्या झालेल्या.

'ऐकल्यावर पुसा' चालू आहे, तरीही?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. ऐकून झालेला भाग आपोआप काढून टाकायची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते, पण ती फक्त ऐकून झालेल्या भागालाच लागू होते. ज्याला हातच लावला नाही किंवा जो निम्म्यावर सोडला, तो भाग अ‍ॅपच्या लेखी 'अजून ऐकायचा आहे'. त्यामुळे तो तसाच राहतो. फोन भरतो तो न ऐकलेल्या भागांनीच. म्हणून 'ऐकल्यावर पुसा' असलं तरी त्याच्या जोडीला 'या कार्यक्रमाचे इतकेच भाग ठेवा' ही मर्यादाही लावावी लागते.

मर्यादा कशी लावायची

आयफोनवरच्या अ‍ॅपल पॉडकास्ट्समध्ये कार्यक्रमाचं पान उघडा, तीन टिंबांवर दाबा आणि Settings मध्ये जा. तिथे Automatically Download खाली फक्त ताजा भाग, ताजे काही भाग किंवा ठरावीक दिवसांतले भाग असे पर्याय मिळतात. त्यातलाच एक निवडा. सगळे नवे भाग उतरवणारा पर्याय ठेवू नका. शिवाय फोनच्या सेटिंगमध्ये Podcasts शोधून तिथलं Remove Played Downloads चालू ठेवा.

पॉकेट कास्ट्स वापरत असाल तर कार्यक्रमाच्या पानावर दातेरी चाकाच्या खुणेवर दाबा आणि Auto Archive मध्ये जाऊन त्या कार्यक्रमापुरता वेगळा नियम चालू करा. मग Episode Limit दिसेल. तिथे दोन भाग निवडले, की तिसरा नवा भाग आल्यावर सगळ्यात जुना भाग यादीतून बाजूला जातो आणि त्याची डाउनलोड केलेली फाइलही पुसली जाते.

अँटेनापॉडमधली Episode limit ही मर्यादा वेगळ्या तऱ्हेची आहे. ती एकेका कार्यक्रमाची नसून सगळ्या कार्यक्रमांची मिळून एकच असते. त्यामुळे रोज येणारा कार्यक्रमच सगळी जागा अडवून बसू शकतो. अशा कार्यक्रमाचं ऑटो डाउनलोड त्याच्या स्वतःच्या सेटिंगमधून बंद करा आणि हवा तो भाग हाताने उतरवून घ्या.

कोणाला किती?

सगळ्यांना सरसकट एकच आकडा लावू नका, असं आमचं ठाम मत आहे. बातम्यांना एक किंवा दोन भाग पुरे. लांबलचक गप्पांचेही दोनच ठेवा, कारण एकेक भाग दीडशे एमबीचा असतो. क्रमाने ऐकायच्या कथामालिकेला मात्र 'ताजे दोन' ही मर्यादा लावू नका. मर्यादा लावली की जुना भाग आधी जातो आणि तुम्हाला तर पहिल्या भागापासून सुरुवात करायची असते! चौथ्या भागावर असताना पाचवा आणि सहावा गायब झालेले दिसतील. अशा मालिकेचं ऑटो डाउनलोड बंद ठेवून पूर्ण हंगाम एकदाच हाताने उतरवणं बरं.

वरच्या उदाहरणात असं केलं तर बातम्यांचे दोन भाग 50 एमबी, गप्पांचे दोन 300 एमबी आणि आठ भागांचा हंगाम 360 एमबी घेतो. साडेनऊ जीबीच्या जागी पाऊण जीबीच्या आत काम होतं.

पुसलेला भाग कायमचा जात नाही. निर्मात्याच्या सर्व्हरवर तो असेपर्यंत पुन्हा उतरवता येतो. पण काही निर्माते जुने भाग काढून टाकतात. एखादा भाग खरोखर जपायचा असेल तर तो मर्यादेतून सुटतो का, हे अ‍ॅपमध्ये आधी बघून घ्या.

आधीचा साठा काढताना

मर्यादा लावली म्हणजे आधी साठलेलं सगळं लगेच निघून जाईल असं नाही. विशेषतः हाताने डाउनलोड केलेले भाग बऱ्याचदा तसेच राहतात. अ‍ॅपमधली डाउनलोडची यादी उघडून ते एकदा स्वतः पुसावे लागतात. आयफोनवर General मधल्या iPhone Storage मध्ये Podcasts उघडलं की कोणत्या कार्यक्रमाने किती जागा घेतली आहे ते दिसतं आणि तिथूनच पुसताही येतं.

इथे दोन बटणांपासून सांभाळून राहा. आयफोनवरचं Offload App दाबलं तर अ‍ॅप जातं, पण त्याचा डेटा फोनमध्येच राहतो, म्हणजे भाग आहेत तिथेच. अँड्रॉइडवर Clear cache ने डाउनलोड केलेले भाग सहसा जात नाहीत. मग वैतागून Clear data किंवा Clear storage दाबलं जातं आणि भागांबरोबर लॉगिन, सेटिंग आणि खात्यात जतन न झालेली कार्यक्रमांची यादीही पुसली जाते. ते दाबायच्या आधी यादी अ‍ॅपमधून एक्स्पोर्ट करून ठेवा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये OPML नावाने ही सोय असते.

साफसफाई झाल्यावर अ‍ॅपने किती जागा घेतली आहे तो आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बघा. तो साधारण तेवढाच असेल तर मर्यादा नीट बसली आहे. रोज वाढत असेल तर एखाद्या कार्यक्रमावर मर्यादा लावायची राहिली आहे. डाउनलोडच्या यादीत ज्या कार्यक्रमाचे सर्वांत जास्त भाग दिसतात, तिथून शोधायला लागा. तरीही उलगडा झाला नाही तर फोन आमच्याकडे घेऊन या. येण्याआधी मात्र काही पुसू नका; भरलेली यादी समोर असली की कारण लवकर सापडतं.