पंचेचाळीस आणि त्याचे विषम विभाजक

क्रमवार संख्यांची बेरीज करण्याचं सूत्र आर्यभटाने इ.स. 499 मध्ये दिलं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) श्रेढीव्यवहाराचं स्वतंत्र प्रकरण आहे. श्रेढीफल (म्हणजे बेरीज), मुख (पहिलं पद) आणि चय (दोन पदांतलं अंतर) दिलं, की गच्छ (पदांची संख्या) काढण्याची रीतही त्यात आहे. त्यासाठी वर्गमूळ काढावं लागतं.

आपला प्रश्न थोडा वेगळा आहे: 45 ही संख्या सलग धन पूर्णांकांच्या बेरजेत किती प्रकारे मांडता येते? बेरीज 45, चय 1 एवढंच ठाऊक. मुख आणि गच्छ दोन्ही अज्ञात. एका समीकरणात दोन अज्ञातं असूनही तो सुटतो, कारण उत्तरं धन पूर्णांकच हवीत. बेरीज दुप्पट केली की 90 मिळतात, आणि ते गच्छ गुणिले पहिल्या-शेवटच्या पदांची बेरीज एवढे असतात. या दोन गुणकांपैकी एक सम आणि एक विषम असावाच लागतो, आणि गच्छ हा लहान गुणक असतो. 90 च्या अशा जोड्या सहा: 1×90, 2×45, 3×30, 5×18, 6×15, 9×10. पहिलीतून नुसते 45 मिळतात, ते सोडा. उरलेल्या पाच जोड्यांतून:

22+23
14+15+16
7+8+9+10+11
5+6+7+8+9+10
1+2+…+9

आता 45 चे विषम विभाजक पाहा: 1, 3, 5, 9, 15, 45. तेही सहाच! 15 घेतला तर मध्यावर 3 ठेवून पंधरा पदं मांडावी लागतात, म्हणजे −4 पासून 10 पर्यंत. −4 ते 4 ही पदं एकमेकांना खोडतात आणि 5 ते 10 उरतात. इथे पुष्कळांची गफलत होते: ऋण पद दिसलं की ते हा विभाजक टाकून देतात आणि एक उत्तर हातचं जातं. 64 सारख्या दोनच्या घाताला मात्र 1 सोडून विषम विभाजकच नाही, म्हणून 64 असे मांडता येत नाहीत.

हे नातं एका मोठ्या प्रमेयाचा तुकडा आहे, आणि मला या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो. ऑयलरने 1748 मध्ये दाखवलं होतं, की एखादी संख्या केवळ विषम संख्यांच्या बेरजेत जितक्या प्रकारे फोडता येते, तितक्याच प्रकारे ती परस्परभिन्न संख्यांच्या बेरजेतही फोडता येते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवणाऱ्या जे. जे. सिल्वेस्टर यांनी 1882 च्या दीर्घ लेखात हे आणखी बारकाईने मांडलं. नाटकासारखे ‘तीन अंक’ या लेखाच्या नावातच आहेत. विषम फोडीत निरनिराळ्या संख्या k असतील, तर अशा फोडी आणि भिन्न संख्यांच्या, सलग संख्यांचे k तुकडे असलेल्या फोडी संख्येने सारख्याच असतात. k = 1 ठेवा. एका बाजूला एकच विषम संख्या पुन्हा पुन्हा येते, जसं 15+15+15 किंवा नऊ वेळा 5; दुसऱ्या बाजूला एकच सलग माळ. 45 साठी दोन्हीकडे सहा.