कार्ट्रिज कॅरेजमध्ये अडकलंय? ओढू नका, आधी खाली दाबा

(आमच्याकडे कार्ट्रिज रिफिल आणि प्रिंटर दुरुस्तीसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी)

"कार्ट्रिज निघतच नाहीये" असा फोन आम्हाला सारखा येतो. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: जोर लावून ओढू का? नका ओढू. कार्ट्रिज अडकणं ही दहा-पंधरा मिनिटांत सुटणारी अडचण आहे. ओढून खटका तुटला, की तीच मोठी दुरुस्ती होते.

इथे आम्ही बोलतोय ते एक काळं आणि एक तिरंगी अशी दोनच कार्ट्रिज लागणाऱ्या छोट्या घरगुती इंकजेटबद्दल. 678, 680, 803 या नंबरांची कार्ट्रिज घेणारी मशीन त्यातलीच. बाटलीने शाई भरायच्या टँकवाल्या प्रिंटरला यातलं काही लागू नाही.

या मशीनमध्ये कार्ट्रिज पुढून किंचित तिरकं आत सरकवायचं आणि पुढची बाजू वर दाबायची, की 'कट' आवाज येऊन ते बसतं. पुढच्या कडेवर प्लॅस्टिकचा एक छोटा खटका असतो, तो कार्ट्रिजला वर धरून ठेवतो. काढताना पुढची कड खाली दाबली की खटका सोडतो आणि मग कार्ट्रिज आपल्याकडे घ्यायचं. खटका सोडायच्या आधी ओढलं तर सगळा जोर खटक्याच्या दातावर येतो आणि पकड उलट घट्ट होते. जितकं जास्त ओढाल, तितकं ते सुटायला अवघड.

खटका सोडत का नाही? बहुतेक वेळा कारण शाईशीच संबंधित असतं. रिफिल करताना जास्त शाई भरली, तर ती वरच्या भोकांतून झिरपते आणि खटक्याच्या खाचेत सुकते. काळी शाई या कार्ट्रिजमध्ये पिगमेंटची असते, ती सुकली की डिंकासारखी धरते. दुसरं कारण म्हणजे भोकांवर लावलेली जाड चिकटपट्टी. तिने उंची वाढते, कार्ट्रिज बसताना कसंबसं बसतं आणि निघताना पट्टीची सुटलेली कड खटक्यात गुंडाळली जाते. म्हणूनच आम्ही रिफिलनंतर मूळचंच लेबल परत बसवतो आणि वर टेप लावत नाही. "टेप लावा, शाई सांडणार नाही" असं काही ग्राहक सुचवतात. पण भोकं बंद केली तर हवा आत जात नाही, शाई नोझलपर्यंत नीट उतरत नाही, आणि कार्ट्रिज अडकतं ते वेगळंच.

आता काढायचं कसं. प्रिंटर चालू ठेवून झाकण उघडा, कॅरेज म्हणजे कार्ट्रिज धरून इकडून तिकडे फिरणारा भाग सरकून मध्यावर येऊन थांबेल. तिथेच भिंतीतला प्लग काढा. बटण दाबून बंद करू नका, कारण तेव्हा कॅरेज परत उजव्या कोपऱ्यात जाते आणि तिथे लॉक होते. कोपऱ्यातल्या कॅरेजला हाताने ढकलून आणण्यातही नुकसान होतं.

शेजारचं दुसरं कार्ट्रिज निघत असेल तर ते आधी काढून ठेवा, बोटांना जागा मिळते. मग एका हाताची बोटं कॅरेजच्या खाली आधाराला धरा, म्हणजे दाबताना सगळं वजन मागच्या लोखंडी दांड्यावर पडणार नाही. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने अडकलेल्या कार्ट्रिजची पुढची कड सरळ खाली दाबा आणि ती काय करते ते पाहा. जराशी खाली जाऊन परत वर आली, तर खटका शाबूत आहे, फक्त काहीतरी धरतंय. अजिबात हललीच नाही, तर शाई सुकलेली आहे किंवा टेप अडकलेली आहे. खाली जाऊन तशीच लोंबकळली, तर खटक्याचा दात गेला असण्याची शक्यता जास्त. मग पुढे काही करू नका, मशीन आमच्याकडे आणा.

पहिल्या दोन प्रकारांत जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापून घ्या. ती पातळ असूनही कडक असते. कड खाली दाबूनच ठेवा आणि पट्टी खटका व कार्ट्रिज यांच्यामध्ये हळूच सरकवा. वाकलेली टेप असेल तर ती इथे बाजूला होते. आता दाब न सोडता कार्ट्रिज आपल्याकडे घ्या, वर उचलू नका. तरीही धरत असेल, तर कानातल्या कापसाच्या काडीला कोमट पाणी लावून पिळून घ्या आणि खटक्याच्या खाचेत फिरवा. दहा मिनिटं थांबून परत दाबा. काडी ओलसर हवी, ठिबकणारी नको, कारण कॅरेजच्या मागच्या भिंतीवर तांब्याचे पॉइंट असतात. खोबरेल तेल किंवा मशीनचं तेल तर अजिबात घालू नका. त्या पॉइंटवर तेल बसलं की प्रिंटर कार्ट्रिज ओळखत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे स्क्रूड्रायव्हर. गेल्या पावसाळ्यात एका शिकवणीच्या बाईंनी परीक्षेच्या आदल्या दिवशी काळं कार्ट्रिज अडकलेला प्रिंटर आणला. टेप खटक्यात गुंडाळलेली होती, एवढंच. पण घरी कुणीतरी वरून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं होतं. खटक्याचा दात तुटला होता आणि हात घसरून कॅरेजमागची पारदर्शक पट्टी तिच्या हुकातून निघाली होती. या पट्टीवर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक रेघा असतात आणि त्या वाचूनच कॅरेज आपण कुठे आहोत ते ओळखते. पट्टी निघाली किंवा शाईच्या बोटांनी डागाळली, तर कॅरेज खडखडाट करत बाजूच्या भिंतीवर आपटते. पट्टी आम्ही लगेच बसवून दिली. दात मात्र जोडता येत नाही, पूर्ण कॅरेज बदलावी लागते, आणि छोट्या मशीनला तो खर्च परवडत नाही. प्रश्नपत्रिका आम्ही आमच्या मशीनवर काढून दिल्या, पण बाईंना प्रिंटर नवाच घ्यावा लागला.

कार्ट्रिज निघाल्यावर लगेच दुसरं घालायची घाई करू नका. बॅटरी लावून खाचेत पाहा, टेपचा तुकडा राहिला असेल तर चिमट्याने उचला. खटका बोटाने हलवून सोडा, तो स्वतःहून जागेवर यायला हवा. ओलं केलं असेल तर तासभर वाळू द्या, मगच प्लग लावा. नवीन कार्ट्रिज बसवताना 'कट' आवाज आला नाही तर प्रिंट देऊ नका. अर्धवट बसलेलं कार्ट्रिज कागदाला घासतं आणि मग कागदही अडकतो. काढलेल्या कार्ट्रिजचं नोझल टिश्यूवर टेकवून ठेवू नका, कागद शाई ओढून घेतो. झाकणाच्या डब्यात नोझल वर करून ठेवा.

अडकलेलं कार्ट्रिज काढून खाच साफ करण्याचे आम्ही 150 रुपये घेतो. त्याच वेळी रिफिल केलं तर हे पैसे लागत नाहीत. आमच्याकडून भरलेलं कार्ट्रिज अडकलं तर काहीच घेत नाही, पण त्यावर नंतर कुणी टेप लावलेली नसावी. दुसरीकडे भरलेलं कार्ट्रिजही आम्ही काढून देतो, भरण्याआधी मात्र वरचं सगळं सोलून साफ करतो. त्याला थोडा वेळ जातो, तेवढा द्यावा ही विनंती.

मशीन आणताना आडवं-तिरकं धरू नका, कार्ट्रिज आतच असेल तर शाई सांडते. पॉवर केबलही सोबत आणा, म्हणजे तुमच्यासमोरच टेस्ट प्रिंट काढून देता येईल.