प्रेस थांबलेला होता की बंद केलेला? अपघाताच्या रिपोर्टमधला नेहमीचा घोळ

भोसरी, चाकण, तळवडे, कुठल्याही प्रेसशॉपमधला हाताच्या अपघाताचा रिपोर्ट काढा, त्यात एक वाक्य हमखास सापडतं. "मशीन बंद असताना कामगाराने डायमध्ये हात घातला व बोटांना इजा झाली." बंद मशीनने बोट कसं काय चेंगरलं, हे ना लिहिणारा विचारतो ना सही करणारा, आणि मग पुढचं वाक्य आपोआप येतं, "कामगाराचा निष्काळजीपणा". मला याचा मनापासून राग येतो.

इजेबद्दलचं पटकन सांगतो, ते बहुतेकांना जमतं. हात उजवा की डावा हे जखमी माणसाच्या बाजूने लिहायचं, समोरून बघणाऱ्याच्या नाही. "तिसरं बोट" लिहू नका, कोण अंगठ्यापासून मोजतो कोण तर्जनीपासून, त्यापेक्षा सरळ मधलं बोट, करंगळी असं नाव लिहा आणि कितव्या पेरापर्यंत लागलंय ते लिहा. चेंगरलं, कापलं की तुटून वेगळं झालं, तेही. बास.

खरा घोळ मशीनच्या अवस्थेचा आहे. मेकॅनिकल पॉवर प्रेस तुम्हाला माहीत आहेच, मोटर पट्ट्याने फ्लायव्हील फिरवते, पेडल दाबलं की क्लचमधली "की" नावाची खीळ फ्लायव्हीलला क्रँकशी जोडते आणि रॅम खाली येतो. आता नीट बघा, दोन स्ट्रोकच्या मध्ये रॅम वर उभा असतो, काहीच हलत नाही, आवाज तेवढा चालू. याला लोक "मशीन बंद होतं" म्हणतात. हे बंद नाही, हे थांबलेलं आहे, पेडलला धक्का लागायचा अवकाश की रॅम खाली. आणि दुसरी अवस्था याहून फसवी, मोटरचं लाल बटण दाबलंय, मोटर गप्प झालीये, पण फ्लायव्हील फिरतंय. बटण बंद केल्यावर सीलिंग फॅन कसा फिरत राहतो तसंच, फक्त इथे चाक काही क्विंटलचं असतं, बेअरिंग चांगलं असेल तर मिनिटभर किंवा त्याहून जास्तही फिरतं. त्या फिरण्यात एक पूर्ण स्ट्रोक मारण्याइतकी ताकद आरामात शिल्लक असते. चाकाला कव्हर असेल तर ते फिरतंय हे दिसतही नाही.

बंद म्हणजे मेन स्विच खाली, त्याला कुलूप, आणि फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं. डायमध्ये हात घालायचा तर यावरही रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लागतो, कारण ब्रेक ढिला असला तर रॅम स्वतःच्या वजनानेही खाली सरकतो. म्हणून रिपोर्टमध्ये "बंद" हा एकच शब्द मी चालवून घेत नाही. मोटर चालू की बंद, फ्लायव्हील फिरत होतं की थांबलेलं, मेन वर की खाली, रॅम कुठे होता, चार गोष्टी वेगवेगळ्या लिहा.

भोसरीतल्या एका छोट्या युनिटमधली केस सांगतो. ५० टनी सी-फ्रेम प्रेस, की-क्लचवाला, सेकंड शिफ्ट. डायमध्ये स्क्रॅप अडकलं. ऑपरेटरने मोटरचं बटण बंद केलं आणि हेल्परला म्हणाला, "काढ रे ते, बंद केलंय". हेल्परने उजवा हात आत घातला, त्याच वेळी ऑपरेटर जॉबचा ट्रे बाजूला सरकवायला वळला आणि त्याचा पाय पेडलवर पडला. पेडलवर कव्हर नव्हतं. फ्लायव्हील फिरत होतंच, की बसली, रॅम खाली आला आणि परत वर गेला, हे सगळं एखाद्या सेकंदात. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही दुसऱ्या पेरापासून गेली.

मग काय झालं तर पळापळ, कोणीतरी मेन खाली केला, हेल्परला दवाखान्यात नेलं, आणि सुपरवायझर आला तेव्हा रॅम वर, चाक थांबलेलं, मेन खाली, सगळं शांत. त्याने जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं, "मशीन बंद होतं". म्हणजे अपघातानंतरची अवस्था अपघाताच्या क्षणाची म्हणून कागदावर गेली. बहुतेक चुकीचे रिपोर्ट असेच तयार होतात, खोटेपणाने नाही.

म्हणूनच "मशीन बंद करण्यात आले" या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे. कोणी केलं? कुठल्या बटणाने? हात आत जाण्याआधी की नंतर? वरच्या केसमध्ये दोन वेळा दोन माणसांनी बंद केलंय, आधी ऑपरेटरने फक्त मोटर, नंतर मेंटेनन्सवाल्याने मेन. ही दोन्ही कामं एका वाक्यात गेली की वाटतं मेन आधीच खाली होता. त्यामुळे दोघांना वेगवेगळं विचारायचं, आणि "स्विच खाली केला तेव्हा चाक फिरत होतं का, आवाज येत होता का" हे त्याच दिवशी विचारायचं, आठवड्याने कोणाला आठवत नाही.

इमर्जन्सी बटणाचंही असंच. "इमर्जन्सी दाबली तरी रॅम थांबला नाही, बटण खराब" असं लिहिलेलं दिसतं. की-क्लचच्या प्रेसमध्ये एकदा की बसली की स्ट्रोक पूर्ण होणारच, मधे थांबत नाही, इमर्जन्सी फक्त मोटरची वीज तोडते. न्यूमॅटिक क्लच-ब्रेकच्या प्रेसमध्ये मात्र रॅम मधेच थांबायला हवा, तिथे थांबला नाही तर खरंच बिघाड आहे. तेव्हा क्लच कुठला ते आधी लिहा.

गार्डबद्दल "गार्ड नव्हता" हे अर्धवट वाक्य आहे. कधी बसवलाच नव्हता, काढून ठेवला होता, उघडा होता, की बसलेला होता पण लिमिट स्विच तारेने बांधून टाकला होता? ओळखायला अवघड नाही. फ्रेमवर बोल्टची भोकं बघा, आत रंग आणि जुनं ग्रीस साचलंय म्हणजे बरेच दिवस काही बसलेलं नाही, आट्या चकचकीत असतील तर नुकताच काढलाय. या केसमध्ये आट्या स्वच्छ होत्या आणि गार्ड खांबाला टेकवून ठेवला होता, दुपारी डाय सेटिंगला काढला तो परत लावलाच नाही. दुपारी कोणी काढला, तेही नाव यायला हवं.

माझ्या मते रिपोर्टचा मजकूर असा हवा होता: "डायमध्ये स्क्रॅप अडकल्याने ऑपरेटरने मोटरचे बटण बंद केले. मेन स्विच चालू होता. फ्लायव्हील फिरत होते. रॅम वर होता, सेफ्टी ब्लॉक लावलेला नव्हता. पुढचा गार्ड दुपारी डाय सेटिंगसाठी सेटरने काढला होता, परत बसवलेला नव्हता. हेल्परचा उजवा हात डायमध्ये असताना ऑपरेटरचा पाय पेडलवर पडून एक स्ट्रोक झाला. पेडलला कव्हर नव्हते. हात बाहेर आल्यावर मेंटेनन्सच्या माणसाने मेन खाली केला."

मालक म्हणतात एवढं लांबड कशाला. पहिल्या रिपोर्टवर उपाय म्हणून लिहिलं होतं "कामगाराला समज दिली", आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रेस त्याच उघड्या पेडलवर चालू झाला. दुसरा मजकूर वाचला की पेडलला कव्हर, मेनला कुलूप, प्रत्येक डायजवळ ब्लॉक आणि सेटिंगनंतर गार्ड लावल्याची सेटरची सही, एवढी कामं कोणी न सांगता समोर येतात, आणि ईएसआयच्या कागदावरही हेल्परच्या माथी निष्काळजीपणा लागत नाही.